मोजपट्टी कुठे टेकवायची?

रेल्वेस्थानकाबाहेरच्या भिंतींवर, बसथांब्यांच्या खांबांवर एक जाहिरात वर्षानुवर्षं चिकटलेली दिसते. ‘लिंगाचा लहानपणा, वाकडेपणा, तिरपेपणा’ आणि खाली मोबाइल नंबर. लैंगिक सुख वाढवून देतो असं सांगत औषधं विकणाऱ्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, तरी ती तिथेच असते. तिच्यातले शब्द मोठे हुशारीने निवडलेले आहेत. विशीतल्या मुलाला रात्री झोप लागू न देणाऱ्या शंका नेमक्या याच असतात.

समजा, तेवीस वर्षांचा एक तरुण पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. लग्नाची बोलणी सुरू झाली आणि त्याने एकदा पट्टी घेतली. शिथिल अवस्थेत सात सेंटिमीटर. ताठर अवस्थेत, पट्टी नुसती कातडीला लावून, अकरा. शिवाय लिंग डावीकडे थोडं झुकलेलं. व्हिडिओत पाहिलेल्या पुरुषांशी तुलना करून त्याने स्वतःचा निकाल लावून टाकला.

त्याचं पहिलं चुकलं ते पट्टीच्या जागेत. लिंगाच्या मुळाशी, ओटीपोटाखालच्या हाडावर चरबीचा थर असतो आणि बैठं काम करणाऱ्यांत तो बराच जाड होतो. म्हणून डॉक्टर पट्टी लिंगाच्या वरच्या बाजूला ठेवतात, हाडाला लागेपर्यंत आत दाबतात आणि तिथून टोकापर्यंतचं अंतर घेतात. पुढची मोकळी त्वचा त्यात धरत नाहीत. या तरुणाने अशी पट्टी धरली तर अकराचे साडेबारा होऊ शकतात. वाढलं काहीच नाही, आत दडलेला भाग मोजला गेला इतकंच.

आता हे साडेबारा कुठे बसतात? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले. मोजणी आरोग्य कर्मचाऱ्यांनी केली असेल तरच ते अभ्यास घेतले, कारण स्वतः सांगितलेल्या मापात पुरुष हात आखडता घेत नाहीत. पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या या मापांत ताठर लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर आली. शंभरांतले साधारण नव्वद जण दहा ते सोळाच्या दरम्यान होते. म्हणजे आपला तरुण शंभरांच्या रांगेत उभा राहिला तर पस्तीसेक जण त्याच्याहून कमी मापाचे निघतील. केरळमधल्या पुरुषांवर झालेल्या, २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही ताठर लांबीची सरासरी तेराच्या आसपासच होती.

शिथिल अवस्थेतल्या सात सेंटिमीटरवरून तर काहीच ठरत नाही. थंडी, घाबरणं, नुकतीच केलेली अंघोळ, एवढ्यानेही ते माप बदलतं. शिथिल असताना लहान दिसणारं लिंग ताठरताना प्रमाणात जास्त वाढतं, म्हणून वसतिगृहातल्या न्हाणीघरात दिसणारा फरक प्रत्यक्षात बराच मिटतो. आणि स्वतःकडे वरून खाली पाहताना लिंग आखूडच दिसतं. शेजारच्याचं बाजूने दिसतं.

राहिला वाक. लिंगात रक्त भरणाऱ्या दोन नळकांड्यांसारख्या पोकळ्या असतात आणि त्यांच्याभोवती चिवट आवरण. हे आवरण एका बाजूला किंचित कमी ताणलं गेलं की ताठर लिंग त्या बाजूला झुकतं. असा वाक जन्मजात असतो, पण ताठरता नीट जाणवू लागते त्या वयातच तो लक्षात येतो. मग हस्तमैथुनामुळे वाकडं झालं, असा बोध घेतला जातो. तो चुकीचा आहे. तीस अंशांपर्यंतचा, न दुखणारा आणि संभोगात आड न येणारा वाक सहसा तसाच ठेवतात. जास्त असला तर टाके घालून सरळ करता येतो, मात्र लांब बाजू आखडून घ्यायची असल्याने लांबी थोडी कमी होते. लांबीचीच काळजी असलेल्याने हा सौदा आधी समजून घ्यावा.

पूर्वी सरळ असलेलं लिंग नव्याने वाकू लागलं, त्यात कडक गाठ हाताला लागली किंवा ताठरताना दुखू लागलं, तर गोष्ट वेगळी. याला पेरोनीचा आजार म्हणतात. तो चाळिशीनंतर जास्त दिसतो, पण तरुणपणीही होऊ शकतो. संभोगात ‘कट’ असा आवाज येऊन सूज आणि वेदना झाली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं.

तेलांनी आणि गोळ्यांनी लांबी वाढत नाही. शंका फिटतच नसेल तर मूत्रविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे यूरॉलॉजिस्टकडे जावं आणि वाकाबद्दल विचारायचं असेल तर ताठर अवस्थेतले वरून व बाजूने काढलेले फोटो सोबत न्यावेत. भिंतीवरच्या नंबरला फोन करू नये.