न थांबणारी उचकी आणि मेंदूतल्या आधारपेशी

मेंदूत चेतापेशींच्या जोडीला ग्लिया म्हणजे आधारपेशी असतात. त्यांतल्या तीन प्रकारांची कामे आपण एकाच आजारातून समजून घेऊ. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा तो आजार. यात डोळ्याच्या नसेला आणि मज्जारज्जूला सूज येते. फ्रान्समधले डॉक्टर देविक यांनी 1894 मध्ये त्याला नाव दिले. पुढे बराच काळ तो मल्टिपल स्क्लेरोसिसचाच एक प्रकार समजला गेला.

सुरुवात होते ॲस्ट्रोसाइटपासून. या ताऱ्याच्या आकाराच्या पेशीची पावले बारीक रक्तवाहिन्यांना लपेटलेली असतात आणि त्यांवर ॲक्वापोरिन-4 हे पाणी ये-जा करू देणारे प्रथिन दाटीने बसलेले असते. चेतापेशींभोवती साचणारे पोटॅशियम आणि ग्लुटामेट उचलणे हेही तिचेच काम.

या आजारात शरीर त्या प्रथिनाविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. ती चिकटली की रक्तातली पूरक प्रथिने जागी होतात आणि ॲस्ट्रोसाइटला भोके पाडून मारतात.

आता ऑलिगोडेंड्रोसाइटची पाळी. ही पेशी चेतातंतूंवर मायलिनचे, म्हणजे चरबीयुक्त आवरणाचे वेढे घालते. वायरीवरच्या प्लॅस्टिकसारखे हे आवरण असले, की संदेश वेगाने जातो. तिच्यावर थेट हल्ला झालेलाच नसतो, पण शेजारीण गेल्यावर तीही मरते. उचलायला कोणी नसल्याने साचलेले ग्लुटामेट हे त्यामागचे एक कारण मानतात. मायलिन गेले की दृष्टी अंधुक होते, पाय लुळे पडतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मात्र पहिला घाव मायलिनवर बसतो. ॲस्ट्रोसाइट तगतात आणि व्रण तयार करतात.

मायक्रोग्लिया या मेंदूतल्या सफाई करणाऱ्या पेशी. मायलिनचा चुरा त्यांनी उचलला, तरच नवे आवरण चढू शकते. पण त्या चेकाळल्या तर दाहकारक रसायने सोडून नुकसान वाढवतात.

निदानात गफलत बहुधा सुरुवातीलाच होते. मेंदूच्या तळाशी उलटीचे केंद्र आहे. तिथे ॲक्वापोरिन-4 भरपूर असते आणि रक्त व मेंदू यांच्यामधला अडसर सैल असतो. त्यामुळे काही रुग्णांना आधी फक्त उचक्या आणि उलट्या होतात, त्याही कित्येक दिवस. मग पोटाच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, एंडोस्कोपी. आणि तिथे काहीच सापडत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडते. मल्टिपल स्क्लेरोसिस समजून इंटरफेरॉन-बीटा किंवा फिंगोलिमोड दिले, तर हा आजार बळावू शकतो. म्हणून एमआरआयमध्ये मज्जारज्जूची सूज सलग तीन किंवा अधिक मणक्यांच्या लांबीची दिसली, की ॲक्वापोरिन-4 प्रतिपिंडांची रक्तचाचणी करून घ्यावी. ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच, असे मात्र ठरत नाही.

आजाराचा झटका आला, की शिरेतून स्टेरॉइड देतात. पुरेसा गुण आला नाही तर प्लाझ्मा बदलतात. त्यात प्रतिपिंडेही निघून जातात, तेव्हा चाचणीचे रक्त त्याआधीच घेतले आहे ना, हे आपण विचारून घ्यावे.