एका कॅपुचिनोचा हिशेब

पुण्यातला वीसेक खुर्च्यांचा एखादा कॅफे डोळ्यांसमोर आणा. कॅपुचिनोचा दर 180 रुपये, 5 टक्के जीएसटी धरून. तो वजा केला की मालकाच्या हाती 171 उरतात. पुढचे आकडे नमुन्यादाखल आहेत, हिशेबाची रीत मात्र खरी आहे.

आधी बिया. एका कपाला 18 ग्रॅम पूड लागते, म्हणजे किलोत 55 कप व्हायला हवेत. प्रत्यक्षात 50 धरावेत. रोज सकाळी ग्राइंडर लावताना पहिले एकदोन शॉट ओतूनच द्यावे लागतात. पूड जाड राहिली तर पंचवीस-तीस सेकंदांत उतरायची कॉफी पंधरा सेकंदांतच धो धो येते आणि आंबट लागते. किलोला 1,200 रुपये धरले तर कपामागे 24. कपात दूध 150 मिली जातं, पण जगमध्ये 180 घ्यावं लागतं. उरलेलं तापलेलं दूध पुन्हा वाफवलं तर फेस नीट धरत नाही, म्हणून ते सिंकमध्ये जातं. दुधाचे 13. कागदी कप, झाकण, साखर, टिश्यू यांचे 10. बसून पिणाऱ्याला मग दिला तरी तो फुटतो, धुवावा लागतो, म्हणून त्यालाही तेवढेच धरू. झाले 47.

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि कॉफीत भरमसाट नफा दिसू लागतो.

आता भाडं, महिना 80,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि 5 टक्क्यांच्या दरात मोडणाऱ्या कॅफेला तो वळता करून घेता येत नाही. म्हणजे भाडं खरं 94,400. पगार 62,000, त्यात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मालकाचाही हवा. तो न धरणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वीज, मशीनची झीज, दुरुस्ती मिळून 30,000. एकूण दिवसाला सुमारे 6,200, एकही कप न विकता.

दिवसाला 40 कप गेले तर प्रत्येकावर 155 बसतात. त्यात 47 मिळवले की कप 202 ला पडतो, म्हणजे तोटा. 80 गेले तर तोच कप साधारण 125 ला पडतो. प्रत्येक कपामागे 124 सुटतात, त्यामुळे पन्नासाव्या कपाला खर्च भरून निघतो. नफा त्याच्या पुढच्या कपांत.

म्हणून मंगळवारी दुपारी रिकाम्या खुर्चीसाठी 140 ला कप देणं परवडतं. जीएसटी आणि 47 वजा जाऊनही 86 सुटतात, आणि भाडं तर तसंही चालूच असतं. अट एकच, गिऱ्हाईक नवं हवं. सकाळी 180 देणारा माणूसच दुपारी 140 देऊन प्यायला लागला, तर प्रत्येक कपामागे 38 रुपये गेले, आणि विक्रीच्या आकड्यात कप मात्र तेवढेच दिसतात. त्यासाठी कप मोजताना वेळही लिहावी लागते.