छपराचा हिशेब आणि लॅपमध्ये जाणारा पत्रा

कोकणात कौलं उतरवून पत्रा घालणारी घरं दरवर्षी वाढताहेत. माकडांच्या उड्यांनी फुटणारी कौलं, दरवर्षीची शाकारणी आणि त्यासाठी न मिळणारे मजूर ही त्याची कारणं गावोगाव ऐकायला मिळतात. पत्रा एकदा बसला की पुढची काही वर्षं निश्चिंती, असा हिशेब असतो आणि तो बऱ्यापैकी खराही आहे. पण पत्रे किती आणायचे आणि त्यांच्याखाली पर्लिन किती लांबीच्या लागणार, हे ठरवताना अनेक घरांत एकच चूक होते. छपराचं माप घेतलं जातं, पत्र्याचं माप घेतलं जातं आणि सरळ भागाकार केला जातो. एका पत्र्यावर दुसरा पत्रा चढतो तेवढा भाग छप्पर झाकत नाही, हे त्या भागाकारात येत नाही.

एक घर डोळ्यांसमोर ठेवू. भिंतींच्या बाहेरून लांबी ४० फूट, रुंदी ३० फूट. मधोमध पूर्व-पश्चिम आढं, दोन बाजूंना दोन पाखी. वळचण भिंतीबाहेर २ फूट आणि दोन्ही टोकांना छप्पर १ फूट पुढे काढायचं आहे. उतार तीनास एक, म्हणजे तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट चढ. कोकणातल्या पावसाला पत्र्यासाठी एवढा उतार चांगला.

पहिला प्रश्न पाख्याच्या लांबीचा. आढ्यापासून भिंतीपर्यंत आडवं अंतर १५ फूट, त्यात वळचणीचे २ मिळवले की १७. पण पत्रा आडवा नाही, तिरका पडणार आहे. तीनास एक उताराला आडव्या मापाला १.०५४ ने गुणावं लागतं, म्हणजे पाखं १७ फूट ११ इंच भरतं. आढ्याशी पत्रा इंचभर अलीकडे थांबतो, कारण वर कोना बसतो. खाली मात्र पाणी पन्हळीत नीट पडावं म्हणून तो दोन इंच पुढे काढावा लागतो. थोडक्यात, पत्रा आढ्यापासून खालच्या कडेपर्यंत १८ फूट हवा.

आता दुकानात जा. ८, १०, १२ फुटी पत्रे तयार असतात. दहा आणि आठ मिळून अठरा, कागदावर तंतोतंत जमलं! इथेच गडबड होते. खालच्या पत्र्याच्या डोक्यावर वरच्या पत्र्याचा पाय चढला पाहिजे आणि तो लॅप निदान ६ इंचांचा हवा. समुद्राकडून येणारा पाऊस वाऱ्याने उलटा वर ढकलला जातो, म्हणून किनारपट्टीत मी ९ इंच धरतो. दहा आणि आठमधून ९ इंच गेले की उरतात १७ फूट ३ इंच. आढ्याशी दोन्ही बाजूंना ९-९ इंचांची फट राहते आणि ती कोन्याने झाकायचा प्रयत्न होतो. कोन्याचा पंख बहुतेक वेळा फूटभराचा असतो, तेव्हा पत्र्यावर त्याचा जेमतेम दोन-तीन इंच भाग टेकतो. पहिल्याच वादळी पावसात आढ्याखालचा वासा ओला दिसला, तर त्याचं कारण बहुधा हेच असतं.

म्हणून खालचा पत्रा १० फुटी घेतला, तर वरचा ८ फूट ९ इंचांचा हवा. डीलरकडून मापाला कापून मिळत असेल तर तसाच मागवावा. नाहीतर दहा फुटी घेऊन सव्वा फूट कापून टाकावा लागतो. तिसरा पर्याय अखंड १८ फुटी पत्र्याचा. मला विचाराल तर गाडी अंगणापर्यंत येत असेल तर हाच घ्यावा. आडवा जोडच नसला की तिथून गळण्याचा प्रश्नच उरत नाही. अडचण एवढीच की पाखाडीतून वळणावळणाने डोक्यावर नेताना लांब पत्रा मध्ये झुकतो आणि एकदा मोडला की त्या घडीतून रंग उडून गंज धरतो. दोन माणसांनी तो उचलू नये, मध्ये आधाराला तिसरा माणूस हवाच.

आता आडव्या दिशेचा हिशेब, म्हणजे पत्र्यांची संख्या. पत्रा विकताना लांबी फुटांत सांगतात आणि रुंदी मिलिमीटरमध्ये. रंगीत ट्रॅपेझॉइडल पत्र्याची कडेपासून कडेपर्यंतची रुंदी साधारण १०७० मिलिमीटर असते. पण शेजारच्या पत्र्याच्या उंचवट्यावर एक उंचवटा चढवल्यावर प्रत्यक्षात झाकली जाणारी रुंदी १००० मिलिमीटरच्या आसपास राहते. कंपनीगणिक हा आकडा थोडा बदलतो, म्हणून तो विचारूनच घ्यावा किंवा दोन पत्रे जमिनीवर जोडून टेपने मोजावा. आपल्या घराला आपण बरोबर १ मीटर धरू.

छपराची आडवी लांबी ४० अधिक दोन, म्हणजे ४२ फूट. मीटरमध्ये १२.८०. कोणी याला १.०७ ने भागलं तर उत्तर येतं ११.९६, आणि १२ पत्रे सांगून तो मोकळा होतो. पण १२ पत्रे जोडून बसवल्यावर १२ मीटर आणि शेवटच्या पत्र्याची उरलेली ७ सेंटिमीटर, एवढंच झाकलं जातं. छप्पर ७३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच फूट उघडं राहतं. खरा भागाकार झाकणाऱ्या रुंदीने करायचा आणि अपूर्णांक नेहमी वरच्या पूर्णांकात न्यायचा. इथे उत्तर १३. दोन पाख्यांचे मिळून २६ अखंड पत्रे, किंवा जोड देणार असाल तर १० फुटी २६ आणि ८ फूट ९ इंची २६.

जुन्या पद्धतीच्या नाळीच्या पत्र्याला हाच नियम अधिक कडक लागतो. तिथे पावसाळी भागात दोन नाळ्या चढवाव्या लागतात, म्हणजे प्रत्येक पत्र्यामागे साधारण ६ इंच लॅपमध्ये जातात. एक नाळी चढवून पत्रे वाचवलेलं छप्पर पाहिलं, की आतून पत्र्यांच्या उभ्या जोडाखाली भिंतीवर ओल्या रेघा दिसतात.

आता १३ पत्रे १३.०७ मीटर झाकतात, गरज १२.८०ची होती. उरलेले २७ सेंटिमीटर कापून टाकण्यापेक्षा दोन्ही टोकांना वाटून द्यावेत. छप्पर दोन्हीकडे पाचेक इंच जास्त पुढे येईल, कडेच्या भिंतीला तेवढाच आडोसा. मात्र हे पर्लिन कापण्याआधी ठरलं पाहिजे. पर्लिन भिंतीच्या मापाने कापल्या आणि पत्रा पुढे आला, तर ती कड हवेत लोंबकळते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड पट्ट्यातून गेलं, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडाले. वारा छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना सगळ्यांत जोरात वर खेचतो, म्हणून आधार नसलेली कड सर्वांत आधी उचलली जाते. आपली पर्लिन पत्र्याच्या कडेपासून तीन-चार सेंटिमीटर आतपर्यंत, म्हणजे १३ मीटर लांब हवी.

चौकोनी पाइप ६ मीटरचा मिळतो. दोन पूर्ण पाइप आणि एक मीटरचा तुकडा मिळून एक पर्लिन होते. पाइपवर पाइप चढवून लॅप देता येत नाही, कारण तिथे पत्रा उचलला जातो. म्हणून आत बसेल असा फूटभर लांबीचा लहान पाइप सरकवून दोन्ही तोंडं वेल्ड करतात. जोड कुठे येतो हेही पाहावं लागतं. आपल्या घरात १०-१० फुटांवर पाच कैच्या आहेत. एका टोकापासून ६ मीटरवरचा जोड तिसऱ्या कैचीच्या अर्धा मीटर अलीकडे येतो. दोन कैच्यांच्या मधोमध पर्लिन सर्वांत जास्त वाकते, हा जोड तिथे येत नाही, म्हणून चालेल. पुढच्या ओळीत मात्र तुकडा विरुद्ध टोकाला घ्यावा, म्हणजे सगळे जोड एका रेषेत येत नाहीत. पाइपचा आकार आणि जाडी कैच्यांच्या अंतरावर आणि वाऱ्यावर ठरते. तो निर्णय इंजिनिअरला विचारूनच घ्यावा.

ओळी किती लागतील? अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला चार फुटांपेक्षा जास्त अंतर देऊ नये. खालची पर्लिन पत्र्याच्या कडेपासून ४ इंचांवर, वरची आढ्यापासून ६ इंचांवर. मधले १७ फूट २ इंच पाच समान भागांत वाटले, तर साडेतीन फुटांच्या आत अंतर पडतं आणि एका पाख्याला सहा पर्लिन लागतात. अखंड पत्र्याला ही मांडणी ठीक. जोड असेल तर मात्र समान भाग करून चालत नाही. आपला जोड खालच्या कडेपासून सुमारे ९ फूट ८ इंचांवर आहे आणि समान वाटणीत जवळची पर्लिन त्याच्या जवळजवळ फूटभर वर पडते. जोड हवेत राहिला की माणूस चालताना तो दबतो, स्क्रूखालचा रबरी वॉशर सैल होतो आणि लॅपला तोंड फुटतं. तेव्हा एक पर्लिन आधी जोडाखाली आखायची. मग तिच्या खालच्या भागाचे तीन आणि वरच्या भागाचे दोन भाग करायचे. खाली तीन फूट एक इंच, वर तीन फूट अकरा इंच अंतर येतं. पर्लिन सहाच राहतात, फक्त जागा बदलतात.

दोन पाख्यांच्या १२ ओळी. त्यांना २४ पूर्ण पाइप आणि एक-एक मीटरचे १२ तुकडे. सहा मीटरच्या पाइपातून कटरच्या पात्याला जाणारा भाग धरला, तर असे पाचच तुकडे निघतात, म्हणून आणखी तीन पाइप. एकूण २७. भिंतीच्या ४० फुटांवरून हिशेब केला असता तर २५ आले असते आणि शेवटच्या दिवशी कामगार बसून राहिले असते.

बसवताना दोन गोष्टी स्वतः उभं राहून पाहाव्यात. पर्लिन लागल्यावर पाख्याचे दोन्ही कर्ण मोजून घ्यावेत. ते सारखे नसतील तर पाखं काटकोनात नाही, आणि तेराव्या पत्र्यापर्यंत खालची कड करवतीसारखी पायरी-पायरीने सरकलेली दिसेल. दुसरी गोष्ट सुरुवातीच्या टोकाची. पावसाळी वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो, म्हणून पहिला पत्रा पूर्वेच्या टोकाला ठेवून पश्चिमेकडे सरकत जावं. म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करते. पत्र्याची एक कड नीट पाहा. तिच्या उंचवट्याच्या कुशीत उभी बारीक खाच असते. ही कड खाली आली पाहिजे. दोन पत्रे घट्ट टेकले की मधल्या फटीत पाणी आपोआप वर चढतं, ते त्या खाचेत थांबून खाली वाहून जातं. घाईत पत्रा उलटा लागला तर ती खाच वर राहते आणि काहीच काम करत नाही.

ऑर्डर देताना बिलावर पत्र्याची पूर्ण रुंदी आणि झाकणारी रुंदी दोन्ही आकडे लिहून घ्या, आणि पहिले दोन पत्रे उतरले की जोडून मोजून पाहा. आकडा जुळला नाही तर पर्लिन कापायला सांगू नका.