उजवीकडून वाचायची प्रश्नपत्रिका

इंग्रजी प्रश्नपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो आहे आणि ती कैरोच्या एखाद्या वर्गासाठी अरबीत हवी आहे, असं समजा. वाक्यांचा अनुवाद त्यातला सोपा भाग. अडचण कागदाच्या दोन कडांवर असते: डावीकडे प्रश्नक्रमांक, उजवीकडे गुण.

फोटोतला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर उजव्या समासातला गुणांचा रकाना पुष्कळदा वेगळाच उचलतं आणि सगळे आकडे पानाच्या शेवटी एकत्र टाकतं. म्हणून अनुवादाआधी फोटो समोर ठेवून सांगाडा लिहावा: आधी सूचना, मग प्रश्नक्रमांक, उपप्रश्न, त्याचे गुण. प्रश्न ३ मध्ये तीन उपप्रश्न आहेत, प्रत्येकी ५ गुण, ‘कोणतेही दोन सोडवा’. इथे १० धरायचे, १५ नाही. या हिशेबाने सगळ्या प्रश्नांची बेरीज वरच्या ‘एकूण गुण ४०’ शी जुळली नाही, तर कुठला तरी गुण भलत्या प्रश्नाला चिकटला आहे किंवा सूचना सुटली आहे.

अरबी पानाचा आरसा होतो. क्रमांक उजव्या कडेला, गुण डाव्या. पण परिच्छेदाची दिशा इंग्रजीसारखी डावीकडून उजवीकडे राहिली, तर ‘३.’ डावीकडेच थांबतो, ओळीच्या शेवटचा [५] त्याच्या शेजारी येऊन बसतो आणि उजवीकडून वाचणाऱ्या मुलाला वाक्य क्रमांकाविनाच सुरू झालेलं दिसतं. एकेक कंस हाताने हलवून हे निस्तरत नाही. आधी परिच्छेदाचीच दिशा बदलावी लागते.

इजिप्तमधले आकडेही वेगळे. तिथला पाच म्हणजे जवळपास आपलं शून्य आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, त्यामुळे आपल्यासारख्याने तपासताना पाच गुणांचा प्रश्न बिनगुणांचा वाटू शकतो. (मोरोक्कोत मात्र 1, 2, 3 हेच चालतात.)

खरा घोळ पर्यायांच्या अक्षरांत होतो. a, b, c, d साठी तिथे अलिफ, बा, जीम, दाल असा जुना ‘अबजद’ क्रम वापरतात. शब्दकोशाचा क्रम मात्र अलिफ, बा, ता, सा, जीम असा चालतो आणि वर्डमध्ये आपोआप क्रमांक देताना हे दोन्ही प्रकार निवडता येतात. समजा, यादीला शब्दकोशाचा क्रम लागला आणि ‘२(c) मधली आकृती पाहा’ या सूचनेत अनुवादकाने ‘जीम’ लिहिलं. आता जीम पाचव्या जागी आहे. उपप्रश्न चारच असले, तर मूल नसलेली आकृती शोधत बसेल; पाच असले, तर चुकीची पाहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून ‘प्रश्न अमुक पाहा’ असा प्रत्येक उल्लेख छापलेल्या यादीवर बोट ठेवून, शेवटी, वेगळा तपासायचा.