रबर डॅम : डेंटल कॉलेजातली एक सकाळ

९.३० – मावशी ट्रे लावतात. रबराची सहा इंची चौकोनी शीट, पंच, चिमटा, क्लॅम्प, फ्रेम, फ्लॉस. शीट वीसेक रुपयांची, एकदा वापरली की कचऱ्यात. क्लॅम्प ऑटोक्लेव्हमधून परत येतात.

९.४५ – खुर्चीत टेम्पोवाले काका. आज सकाळची फेरी बुडाली. खालची डावी पहिली मोठी दाढ, मागची भिंत किडीने खाल्लेली, रूट कॅनाल करायचंय. इंटर्न मुलगी विचारते, ‘रबराच्या फुग्याने, मोज्यांनी अंगाला खाज येते का काका? नाकाने श्वास नीट घेता येतो ना?’ मग भुलीचं इंजेक्शन. ती शीट उचलते तशा मॅडम थांबवतात. ‘आधी भिंत. तिथूनच लाळ आत शिरेल.’ कीड काढून ग्लास आयोनोमरची भिंत उभी राहते.

१०.१५ – दाढेवर पेनने ठिपका. शीट चढली की शेजारच्या दाढा दिसत नाहीत, आणि भलतीच दाढ उघडली तर ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.

क्लॅम्पच्या कमानीला आधी फ्लॉस बांधायचा. क्लॅम्प निसटला किंवा मोडला तर दोरा ओढून बाहेर काढता येतो. ती चिमट्याने क्लॅम्प ताणते, आधी जिभेकडची बाजू टेकवते, मग गालाकडची. बोटाने दाबून पाहते. डुगडुगतो. दाढेच्या फुगीर भागावरच बसलाय. नवशिक्यांचं इथेच अडतं. घाईत तसाच ठेवला तर तो हमखास उडतो. ती पुन्हा ताणते, फुगवट्याखाली हिरडीलगत उतरवते. आता चारही टोकं दाढेला टेकलीत. हलत नाही.

१०.२५ – क्लॅम्प काढून शीटच्या भोकात त्याचे पंख अडकवते. शीट, फ्रेम, क्लॅम्प एकदमच दाढेवर. बोथट अवजाराने रबर पंखांखाली सरकवते. दातांच्या फटींत ते फ्लॉसने उतरवते. मागच्या कोपऱ्यात लाळेचा थेंब दिसतो. तिथे लिक्विड डॅमचा ठिपका, वर निळा लाइट.

हा थेंब मॅडम सोडत नाहीत, ते मला पटतं. लाळेतले जंतू नळीत गेले तर साफसफाई वाया. आणि नळी धुवायचं सोडियम हायपोक्लोराइट उलट वाटेने तोंडात उतरलं तर जीभ-घसा पोळतो. पंचवीस मिलिमीटरची फाइल बोटांतून सुटली तर तीही रबरावरच पडते, घशात नाही.

१०.४० – काम सुरू. काकांना सांगितलंय, ब्लीचिंगसारखी चव आली तर डावा हात वर करा. हात मांडीवरच आहे. पण मागचं रबर ओलसर दिसतं. ती थांबते, कोरडं करून पुन्हा ठिपका लावते.

११.५० – तात्पुरती भरणी झाल्यावर क्लॅम्प निघतो. ती शीट उजेडात धरते. भोकाची कड सलग हवी. तुकडा कमी असेल तर तो हिरडीत राहिलेला असतो. कड शाबूत आहे.

‘बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, गाल चावला जाईल,’ ती म्हणते. काका टेम्पोची किल्ली घेऊन निघतात. पुढचा पेशंट वरच्या लहान दाढेचा. मावशी धाकटा क्लॅम्प काढून ठेवतात.