किनखापाऐवजी मलमल: वेशभूषाकाराचं दिग्दर्शकाला पत्र

ऐतिहासिक नाटकाची तालीम उभी राहत असते, तेव्हाच वेशभूषाकार दिग्दर्शकाला एक पत्र लिहितो. ठरलेलं कापड बदलायचं असेल, तर ते का, आणि त्यानं खर्चाचा हिशेब कसा फिरेल, हे त्यात असतं. प्रेक्षकांपर्यंत हे पत्र कधीच पोहोचत नाही, पण पडदा उघडल्यावर त्यांना जे दिसतं त्यातलं बरंचसं तिथे ठरलेलं असतं. असं पत्र कसं लिहावं, हे एका उदाहरणातून सांगतो.

समजा, नाटक सवाई माधवरावांच्या काळातलं आहे. दरबाराचा एक मोठा प्रवेश आहे आणि त्यात आठ दरबारी उभे आहेत. दिग्दर्शकाच्या मनात झगमगता दरबार आहे, म्हणून आठही जणांना किनखापाचे अंगरखे ठरले आहेत. बाजारात या दरात मिळतो तो अर्थातच नकली किनखाप, म्हणजे चमकदार कृत्रिम धाग्याचं कापड. घेरदार अंगरख्याला ४४ इंची पन्ह्याचं पाच मीटर कापड लागतं, म्हणजे आठ जणांना ४० मीटर. ६०० रुपये मीटर धरलं तर कापडाचे २४,००० होतात. हे कापड आतून टोचतं, म्हणून ७० रुपये मीटरचं अस्तर, त्याचे २,८००. शिलाई नगाला १,४०० धरली तर ११,२००. एकूण ३८,००० रुपये.

पत्राची सुरुवात पैशांपासून करू नये. दिग्दर्शकाला आधी त्याचा प्रवेश दिसायला हवा. म्हणून मी असं लिहीन:

‘प्रिय दादा, सप्रेम नमस्कार. दरबाराच्या प्रवेशासाठी किनखापाऐवजी मलमल वापरावी, असं मला वाटतं. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं १७९०च्या दशकात पुण्यात येऊन सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढलं. ते सोबत पाठवतो आहे. त्यात भपका दागिन्यांचा आहे. अंगावरचा पोशाख पांढरा, तलम आणि साधा आहे. त्या काळी कापडाचा तलमपणाच मोठेपणा सांगायचा. आठही दरबारी चमकले, तर त्यांच्यामधला पेशवा प्रेक्षकांना शोधावा लागेल. दरबारी पांढऱ्यात ठेवले आणि रेशीम एकट्या पेशव्याच्या अंगावर राहिलं, तर नजर आपोआप तिथे जाईल.’

शेवटच्या दोन वाक्यांत पत्राचं खरं बळ आहे. इतिहासाचा दाखला उपयोगी पडतो, पण दिग्दर्शकाला पटतं ते प्रवेशाच्या गरजेमुळे. शिवाय कृत्रिम किनखाप दिव्यांखाली सपाट चकाकतो. चुण्या, घेर, हाताची हालचाल, सगळं त्या चकाकीत बुडतं. विणलेली नक्षी तर मागच्या रांगांपर्यंत पोहोचतच नाही. तिथून दिसतो तो फक्त काठ आणि एकूण आकार. मलमलीचा घेर मात्र नट वळला की त्याच्याबरोबर फिरतो, आणि ते शेवटच्या रांगेतूनही कळतं.

पुढचा मुद्दा नटाच्या अंगाचा. कृत्रिम कापड, खाली अस्तर आणि वरून दिवे, अशा अवस्थेत नट घामानं निथळतो. घाम अस्तरात मुरतो, काखेतली शिवण आधी कडक होते आणि मग उसवते. शनिवार-रविवारी लागोपाठ प्रयोग असले की असा अंगरखा ओलाच पेटीत जातो आणि ओलाच बाहेर येतो. सुती अंगरखा रात्री धुऊन वाळत घालता येतो. म्हणून पत्रात प्रत्येकाला दोन अंगरखे मागायचे: एक अंगावर, एक दोरीवर.

आता हिशेब. नवी मलमल पहिल्या धुण्यात आटते. आटण्यासाठी मीटरमागे पाच सेंटिमीटर सोडायचे, म्हणजे एका अंगरख्याला सव्वापाच मीटर. सोळा अंगरख्यांना ८४ मीटर. जरा घट्ट विणीची मलमल १२५ रुपये मीटर धरली, तर १०,५०० रुपये. अस्तर नाही, म्हणून शिलाई नगाला ८००, सोळांचे १२,८००. दोन्ही मिळून २३,३००. आधीच्या आकड्यातून १४,७०० रुपये उरतात.

हे उरलेले पैसे ‘वाचले’ असं पत्रात कधी लिहू नये. निर्माता ते लगेच काढून घेतो आणि बदलाचा अर्धा फायदा जातो. ते कुठे वळवायचे, हे त्याच पानावर लिहायचं. आठ जणांना जरीकाठी शेले, नगाला ९०० प्रमाणे ७,२००. पेशवा आणि नाना यांच्यासाठी भाड्याच्या पगड्यांऐवजी डोक्याच्या मापानं बांधून घेतलेल्या दोन पगड्या, ६,०००. राहिलेले १,५०० रंगाई आणि नमुन्यांसाठी. बेरीज पुन्हा ३८,०००. कापड बदललं, पण निर्मात्याचा आकडा तोच राहिला.

शेल्यांच्या रंगाचाही प्रश्न आहे. खलनायकी दरबाऱ्याला भडक जांभळा शेला हवा, अशी दिग्दर्शकाची कल्पना असू शकते. पण तो कृत्रिम जांभळा रंग जगात आला १८५६ मध्ये, विल्यम पर्किन या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगातून. म्हणजे पेशवाई संपून चार दशकं होत आली तेव्हा. त्याआधीचे आपले रंग मंजिष्ठेचे लाल, निळीचे निळे, हळद आणि डाळिंबाच्या सालीचे पिवळे. खलनायकाला मंजिष्ठेचा काळपट लाल शेला दिला, तर तो पांढऱ्यात उठूनही दिसतो आणि काळाशीही जुळतो. रंग खऱ्या मंजिष्ठेचा असलाच पाहिजे असं नाही. त्या छटेचा पक्का रंग चालतो.

एवढं लिहून पत्र संपवलं, तर ते अर्धवट राहतं. मलमलीचे दोषही लिहावेच लागतात, कारण ते पहिल्या रंगीत तालमीत दिसणारच आहेत. मागून दिवा पडला की मलमल पारदर्शक होते आणि नटाची सावली आतून दिसते. म्हणून खाली सुती बंडी आणि जाड सुरवार हवी. ती कपडेपटात नसेल, तर हा हिशेब पुरणार नाही. कोरा पांढरा रंग दिव्यांत इतका फटफटतो की नटाचा चेहरा काळवंडतो. त्यावर जुना उपाय आहे: चहाच्या पाण्यात बुडवून काढणं. त्यानं रंग सायीसारखा होतो आणि चेहरा उजळ राहतो. शिवाय सुती कापड चुरगळतं. प्रत्येक प्रयोगाआधी आठ अंगरख्यांना इस्त्री लागेल, म्हणजे कपडेपट सांभाळणाऱ्याला नेहमीपेक्षा तासभर आधी यावं लागेल. त्याला हे आधी विचारलं आहे, असं पत्रात लिहिता आलं पाहिजे.

अंगरखे बंदांनी बांधायचे, हेही लिहून ठेवावं. घाईच्या बदलात टिचबटणं लावावीत, वर बंद नुसते दिसायला. वेल्क्रो नको, कारण अंधारात तो उघडल्याचा आवाज प्रेक्षकांपर्यंत जातो.

पत्राबरोबर दोन्ही कापडांचे हातभर तुकडे जोडावेत, आणि मलमलीचा तुकडा एकदा धुऊन, चहात बुडवून. दिग्दर्शकानं ते हातात घेऊन पाहण्यापेक्षा प्रकाशयोजनाकाराला दोन दिवे लावायला सांगून शेवटच्या रांगेतून पाहावेत. म्हणून पत्राचा शेवट मी असा करीन:

‘तुकडे दिव्याखाली पाहून येत्या शुक्रवारपर्यंत कळवा. शनिवारी कापड धुवायला टाकलं, तरच सोमवारी कात्री लागेल. सगळी मलमल नको असेल, तर निदान मागच्या चौघांना ती द्या आणि पुढच्या चौघांना किनखाप ठेवा. मात्र मग दुसरे अंगरखे आणि पगड्या या आकड्यात बसणार नाहीत. निर्णय तुमचा. कापड एकदा कापलं की मात्र तो बदलता येणार नाही.’