तूरडाळीला मिठाचा भाव: VLOOKUP असं का करतं?

बिलात तूरडाळीचा कोड १०९ टाकला आणि भाव आला २५ रुपये. अरे, हा तर मिठाचा! एरर नाही, काही नाही. म्हणूनच हे जास्त धोक्याचं, कारण बिल तसंच गिऱ्हाइकाच्या हातात जातं.

फॉर्म्युला असा होता:

```
=VLOOKUP(E2,A2:C8,3)
```

शेवटची, चौथी जागा रिकामी सोडली की एक्सेल तिथे TRUE धरतं, म्हणजे ‘जवळपासचं चालेल’. अशा वेळी ते यादी वरून खाली वाचत नाही. कोड चढत्या क्रमाने लावलेत असं गृहीत धरून थेट मधे उडी मारतं. आपण डिक्शनरी मधेच उघडतो ना, तसं.

आपली यादी मात्र अशी आहे: १०४, १०९, १०२, १०७, १०१, १०३, ११०. मधला कोड १०७. आपला १०९ त्याहून मोठा, म्हणून वरचा भाग बाद. खरी तूरडाळ तिथेच होती! खालच्या तिघांत मधला १०३, तोही लहान. पुढचा ११०, तो मोठा. मग एक्सेल मागे येऊन १०३ वर थांबतं, आणि १०३ म्हणजे मीठ. गंमत म्हणजे १०७ चा भाव बरोबर येतो, त्यामुळे एखादाच कोड तपासून काही कळत नाही.

इलाज सोपा आहे:

```
=VLOOKUP(E2,A2:C8,3,FALSE)
```

नुसतं सॉर्ट करून भागत नाही. यादीत नसलेला १०६ टाकला, तर सॉर्ट केलेल्या यादीतही गुपचूप १०४ चा भाव मिळेल. FALSE असेल तर #N/A दिसतं, आणि ते बरंच आहे. TRUE वापरायचं ते स्लॅबसाठी: ५० नगांपासून एक दर, १०० पासून दुसरा.